शेपटीमागे धावणारा ब्रूनो : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१४ जून

प्रकल्पाचा विषय : ब्रूनो, जर्मन शेफर्ड, नर, वय ९ महिने, वजन २७ किलो. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात आई, बाबा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आजी. तक्रार अशी की चौथ्या महिन्यापासून तो शेपटीमागे धावतो आणि गेल्या महिन्यापासून शेपटीच्या टोकाचे केस जायला लागलेत. आजींचं मत, "अहो, खेळतोय तो, लहान आहे अजून." बाबांचं मत, हे काहीतरी वेगळं आहे. दोघांचंही म्हणणं तपासायचं आहे.

तुलनेसाठी त्याच सोसायटीतली ढमी : दत्तक घेतलेलं गावठी पिल्लू, मादी, वय तीन महिने. तीही शेपटीमागे धावते.

काम सुरू करण्याआधी शब्द ठरवून घेतले, कारण "गोल गोल फिरतो" असं म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. पहिली, शेपटीमागे धावणं : नजर शेपटीवर, अंग धनुष्यासारखं वळलेलं, जागच्या जागी घट्ट वर्तुळ. दुसरी, गिरकी : शेपटीकडे लक्षच नाही, पट्टा हातात घेतला किंवा जेवणाचं भांडं वाजलं की आनंदाने दोन-चार फेऱ्या. तिसरी, घेरे घालणं : चालत, संथपणे, मोठ्या वर्तुळात आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला. ही तिसरी गोष्ट खेळात येत नाही, तिची कारणं कानाच्या आतल्या भागात किंवा मेंदूत शोधावी लागतात. झोपण्याआधी अंथरुणावर किंवा शीला बसण्याआधी कुत्रा एक-दोन फेऱ्या मारतो, ते नेहमीचंच. त्याची नोंद ठेवायची नाही.

चित्रणाच्या सूचना घरच्यांना दिल्या. फोन हातात धरायचा नाही. हॉलमधल्या टीव्हीच्या कपाटावर कुत्र्याच्या उंचीला ठेवून संध्याकाळी ६ ते ९ चालू ठेवायचा. लोक फेऱ्या सुरू झाल्यावर फोन काढतात, त्यामुळे आधी काय घडलं ते कधीच सापडत नाही, आणि खरी माहिती त्या आधीच्या मिनिटातच असते. शिवाय फोन समोर धरला की घरचे आपल्याकडे बघतात, हे कुत्र्याला लवकर कळतं.

१७ जून

ढमीचं चित्रण पाहिलं. खेळ ओळखायला यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही, म्हणून सावकाश पाहून लिहिलं.

ती पायपुसण्याशी झटापट करत होती. मान वळली, शेपटी दिसली, हलली, आणि ती मागे धावली. तोंड अर्धवट उघडं, जीभ बाहेर, कान कधी वर कधी खाली, अंग सैल. तिसऱ्या फेरीला तोल जाऊन बुडावर पडली. शेपटी तोंडात आली तेव्हा तिने ती हळूच चावली, "हे आपलंच आहे" असं वाटल्यासारखी सोडली, शिंकली आणि पुन्हा पायपुसण्याकडे गेली. सगळा प्रकार २० सेकंदांच्या आत.

दुसऱ्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात चमचा पाडायला सांगितलं होतं. चमचा वाजला तशी ती फेरी अर्धी टाकून बघायला पळाली. नावाने हाक न मारता चमचा पाडायचा, याला कारण आहे. हाक म्हणजे माणसाचं लक्ष, आणि काही कुत्रे त्यासाठीच फिरत असतात. चमच्याच्या आवाजाने फक्त एवढंच कळतं की आजूबाजूच्या जगाची दखल घेण्याइतकं भान त्याला आहे का.

ढमीला आहे. तिच्या खेळात शेपटी ही अनेक वस्तूंपैकी एक आहे. तिला थांबवायचं नाही, शिकवायचं नाही, औषध नाही. फक्त रील करायचे नाहीत आणि "घे, घे, पकड" म्हणायचं नाही.

१८ जून

ब्रूनोचं तीन संध्याकाळचं चित्रण. पहिल्या दहा मिनिटांतच फरक दिसतो.

तो पडून आहे. एकदम मान उचलतो आणि मागे बघतो. मग उठतो, स्थिर उभा राहतो, कान मागे, तोंड बंद, नजर शेपटीच्या टोकावर खिळलेली. ही अवस्था दोन-तीन सेकंदांची आहे. त्यानंतर घशातून गुरगुर आणि फेऱ्या. टीपॉयला खांदा आपटला तरी वेग कमी होत नाही. शेपटी सापडली की तो ती जोरात चावतो, ओरडतो, सोडतो आणि पुन्हा धावतो. थांबल्यावर धापा टाकत शेपटी चाटत बसतो.

थांबवण्याची शिडी लावून पाहिली : आधी चमचा, मग नाव, मग नाकासमोर उकडलेल्या चिकनचा तुकडा, शेवटी पट्टा. चमचा आणि नाव त्याला ऐकू आल्याचं कुठलंच लक्षण नाही. चिकनला त्याने क्षणभर नाक लावलं आणि सोडून दिलं. पट्ट्याने थांबला, पण सोडल्यावर मिनिटभरात पुन्हा सुरू. तीन तासांच्या चित्रणात शेपटीमागे गेलेला वेळ मोजला, सरासरी २२ मिनिटं. पुढची तुलना याच आकड्याशी करायची.

घरच्यांना एक सक्त सूचना : फेऱ्या चालू असताना तोंडाजवळ हात न्यायचा नाही. त्या अवस्थेत कुत्रा वळून हाताला चावू शकतो आणि आपण कोणाला चावतोय हे त्याला त्या क्षणी कळत नाही.

तो बहुतेक डावीकडे फिरतो. यावरून काही ठरत नाही. कुत्र्यांनाही बाजूची आवड असते. एका बाजूला फिरण्यासोबत मान तिरकी असेल, बुबुळं आपोआप हलत असतील किंवा चालताना झोक जात असेल तरच त्या बाजूला अर्थ आहे.

२१ जून

पशुवैद्यकाकडे तपासणी. सवय, कंटाळा, मानसिक त्रास हे शब्द आज वापरायचे नाहीत असं आधीच ठरवलं होतं. ज्या टोकामागे कुत्रा धावतो ते टोक, आणि ते जिथून सुरू होतं तो सगळा भाग आधी बघायचा.

शेपटीचं मूळ : पिसवांचा कंगवा कंबरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत फिरवला आणि निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकला. मिनिटभरात काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरला. साधी धूळ असती तर काळीच राहिली असती. हे पिसवांचं शेण, त्यात कुत्र्याचंच रक्त असतं. एकही जिवंत पिसू दिसली नाही, पण म्हणून पिसवा नाहीत असं होत नाही. पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात आणि खाज नेमकी कंबर आणि शेपटीच्या मुळाशी उठते.

गुदग्रंथी : गुदद्वाराच्या दोन बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ असतात त्या जागी, त्वचेखाली दोन पिशव्या असतात. उजवी मऊ, डावी टणक आणि भरलेली. डॉक्टरांनी दाबून रिकामी केली तेव्हा आतून पातळ द्रवाऐवजी घट्ट तपकिरी लगदा आला. हे घरी करून बघायचं नाही. चुकीच्या दाबाने सूज वाढते, पिशवी फुटूही शकते. फरशीवर बूड घासत पुढे सरकणं ही याची खूण, आणि आईंनी ती पाहिली होती. त्यांना वाटलं होतं जंत आहेत. जंतांचीही तपासणी केली, काही निघालं नाही.

पाठ आणि कंबर : जर्मन शेफर्डमध्ये कंबरेच्या शेवटच्या मणक्याशी, जिथे पाठीचा कणा माकडहाडाच्या वरच्या हाडाला जोडला जातो तिथे, नसा दबण्याचा आजार बराच आढळतो. तिथे दाबून, शेपटी वर उचलून पाहिलं. दुखल्याची खूण नाही. शेपटीचा मणका न् मणका बोटांनी चाचपला, मोडलेला किंवा सुजलेला नाही. दुखलं असतं तर एक्स-रे काढला असता.

मज्जासंस्था : सरळ रेषेत चालवलं, पंजा उलटा टेकवून तो लगेच सुलटा करतो का ते पाहिलं, डोळ्यांच्या हालचाली पाहिल्या. सगळं ठीक. फिट येतात का हेही खोदून विचारलं : झोपेतून उठल्या उठल्या सुरू होतं का, मध्ये लघवी होते का, थांबल्यावर बराच वेळ गोंधळल्यासारखा असतो का. तिन्हींचं उत्तर नाही.

शेपटीच्या टोकाला रुपयाच्या नाण्याएवढी ओली जखम, तिच्यात जिवाणूंचा संसर्ग.

उपचार : वजनाप्रमाणे पिसवांची तोंडी गोळी दर महिन्याला, संसर्गासाठी औषध, डाव्या ग्रंथीची दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. पिसवांची अंडी, अळ्या आणि कोष कुत्र्याच्या अंगावर थोडे आणि घरात जास्त असतात. म्हणून त्याची गादी गरम पाण्यात धुवायची, सोफ्याखाली आणि भिंतीच्या कडेने रोज व्हॅक्यूम. कोषातून पिसवा आठवड्यांनंतरही बाहेर येतात, त्यामुळे निदान तीन महिने सलग. एका गोळीनंतर "काही फरक नाही" म्हणून सोडून देणं ही इथली नेहमीची चूक.

५ जुलै

दोन आठवड्यांनी : बूड घासणं बंद, डावी ग्रंथी मऊ, कंगव्यात काळे कण नाहीत, जखम भरत आली आहे. संध्याकाळच्या तीन तासांतला शेपटीचा वेळ मात्र २२ वरून १७ मिनिटांवर आला, बस.

आकड्यापेक्षा प्रकार बदलला हे महत्त्वाचं. पडल्या पडल्या एकदम दचकून मागे बघणं जवळपास गेलं, ते खाजेचं होतं. जे उरलं ते ठरावीक प्रसंगी येतं. म्हणजे खाजेने सुरू झालेली गोष्ट आता खाजेशिवाय चालते. कुत्र्याने अस्वस्थ व्हावं, फिरावं आणि फिरून थोडं शांत वाटावं, असं बऱ्याच वेळा घडलं की फिरणं हाच उपाय होऊन बसतो. खाज लवकर बरी केली असती तर कदाचित इथवर आलं नसतं. म्हणून चार-पाच महिन्यांच्या पिल्लाचं शेपटीमागे धावणं वाढताना दिसलं की आधी कंगवा आणि ओला टिश्यू.

फ्रिजवर वही लावली. पाच रकाने : वेळ, आधी काय घडलं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं, घरच्यांनी काय केलं. शेवटचा रकाना भरायला सगळे टाळाटाळ करतात, आणि तोच सर्वांत उपयोगी.

८ जुलै

वहीत तीन गट दिसतात. लिफ्टचं दार आणि बेल. बाबा लॅपटॉपवर कॉलवर असतात तेव्हा. आणि संध्याकाळी सातनंतर, कारण लिहिलेलं नाही.

पाचवा रकाना असा : मुलगी हसली. आजी "अरे अरे, पुरे" म्हणाल्या. बाबा ओरडले. पुन्हा मुलगी हसली, मैत्रिणीला व्हिडिओ पाठवला. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर हसणं, ओरडणं आणि काळजी यांत फरक नाही. एरवी लॅपटॉपला चिकटलेला माणूस आता त्याच्याकडे बघतोय, इतकंच त्याला मिळतं.

लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या शार्लट बर्न यांनी २०११ मध्ये इंटरनेटवरचे शेपटीमागे धावणाऱ्या कुत्र्यांचे ४०० व्हिडिओ तपासले. सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांत आजाराकडे झुकणारी लक्षणं होती, म्हणजे रोज किंवा सतत फिरणं, किंवा लक्ष दुसरीकडे वळवताच न येणं. तरी ५५ टक्के व्हिडिओंत माणसांचं हसणं ऐकू येतं आणि ४३ टक्क्यांत प्रोत्साहन. इतर व्हिडिओंच्या तुलनेत हे व्हिडिओ जास्त करून घराच्या आतले आणि टीव्ही किंवा कॉम्प्युटर चालू असतानाचे होते. ही शेवटची गोष्ट ब्रूनोच्या घराला तंतोतंत लागू पडते.

मुलीने विचारलं, "मग आम्ही दुर्लक्ष करायचं का?" नुसतं दुर्लक्ष ब्रूनोला पुरणार नाही. जो कुत्रा फक्त लक्ष वेधायला फिरतो, तो एकटा असताना फिरत नाही. हे तपासायला घरच्यांना अर्धा तास खाली पाठवून फोन चालू ठेवला होता. ब्रूनो एकटाही फिरला. त्याला फिरण्यातूनच काही मिळतंय, त्यामुळे आपण पाठ फिरवली तर तो एकटा आणखी फिरेल.

१२ जुलै

आराखडा घरच्यांसोबत बसून ठरवला.

फिरणं : सध्या दोनदा १५ मिनिटं, आखूड पट्ट्यावर, भराभर. आता दोनदा ४० मिनिटं, ५ मीटरच्या लांब पट्ट्यावर, वासाला थांबू देत. शेफर्डला पळवून दमवण्यापेक्षा नाकाला काम दिल्याने तो जास्त निवतो. पाऊस असेल तेव्हा पार्किंगमध्ये, गाड्यांच्या चाकांमागे खाऊचे दाणे लपवून.

खाणं : रोजचं ४०० ग्रॅम ड्राय फूड एकाच भांड्यात दोन मिनिटांत संपतं. त्यातलं १५० ग्रॅम भांड्यात, १५० ग्रॅम जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून किंवा पोकळ रबरी खेळण्यात दह्याबरोबर गोठवून, उरलेलं १०० ग्रॅम दिवसभराच्या शिकवणीला. बाबांच्या कॉलची वेळ ठरलेली असते, गोठवलेलं खेळणं कॉलच्या पाच मिनिटं आधी द्यायचं. फेऱ्या सुरू झाल्यावर दिलं तर फिरलं की दही मिळतं असा धडा होतो.

गादी : हॉलच्या कोपऱ्यात, लिफ्टच्या भिंतीपासून दूर. तिच्यावर पाय ठेवला की दाणा, बसला की दाणा, आडवा झाला की तीन दाणे एकामागून एक, पायांमध्ये ठेवून. आधी शांत वेळी शिकवायचं, एका वेळी तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही. तो न सांगता गादीवर जाऊन पडायला लागला की मगच "गादी" हा शब्द जोडायचा.

पकडायची जागा : नजर खिळण्याचे ते दोन-तीन सेकंद. तेव्हा त्याला अजून ऐकू येतं. हलक्या आवाजात "गादी", गेला की दाणे. संधी हुकली तर ओरडायचं नाही, पकडायचं नाही. उठून शांतपणे दुसऱ्या खोलीत जायचं आणि पट्ट्याची कडी वाजवायची. आला की आधी बसवायचं, थोडं थांबवायचं, मग दाणा. इथे एक धोका आहे : फिरलं की पट्टा वाजतो, असं त्याने शिकू नये. म्हणून दिवसात सात-आठ वेळा, तो शांत असताना, विनाकारण कडी वाजवून दाणा द्यायचा.

बंद करायच्या गोष्टी : मुलीचा लेझर पॉइंटर आजच कपाटात गेला. हाताला न लागणाऱ्या ठिपक्यामागे धावणारे कुत्रे पुढे सावल्या आणि उजेडामागेही धावायला लागतात, आणि ज्याचा कल आधीच असा आहे त्याला तर ते विष. शेपटीला मिरची किंवा कडू स्प्रे लावायचा नाही, जखमेवर आग होऊन तो आणखी चावेल. बांधून ठेवायचं नाही. बांधल्यावर फेऱ्या थांबलेल्या दिसतात, अस्वस्थता तेवढीच राहते.

१९ जुलै

लिफ्ट आणि कॉलच्या वेळी सुधारणा. सातनंतरचा गट मात्र वाढला. कारण खिडकी उघडून ऐकल्यावर कळलं : नदीकाठी ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला आहे. माणसाला तो लांबचा आवाज वाटतो, टीव्ही चालू असेल तर ऐकूही येत नाही. ब्रूनोचे कान मात्र पहिल्या ठोक्याला मागे जातात.

हे जुळतं. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये ३६८ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन शेपटीमागे धावण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बुल टेरिअर, मिनिएचर बुल टेरिअर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर आणि जर्मन शेफर्ड होते. सुरुवात बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या वयात झाली होती. फिरणारे कुत्रे जास्त बुजरे आणि आवाजाला घाबरणारे होते आणि आईपासून लवकर तोडलेले होते. ब्रूनो पाचव्या आठवड्यात घरी आला. निदान आठ आठवडे तरी पिल्लू आई आणि भावंडांजवळ असायला हवं होतं.

त्याच अभ्यासात जीवनसत्त्वं आणि खनिजं मिळणाऱ्या कुत्र्यांत हे वागणं कमी आढळलं. बाबांनी लगेच बाटली आणायची तयारी केली. पण हा संबंध प्रश्नावलीतून दिसलेला आहे. बाटलीने कुत्रा बरा होतो असं त्यातून सिद्ध होत नाही. ब्रूनोचं तयार अन्न पुरेसं आहे, बाटली नको.

आवाजाचं काम : सराव सुरू होण्याआधी संध्याकाळचं फिरणं उरकायचं. सात ते साडेआठ मागच्या बेडरूममध्ये, खिडकी बंद, पंखा जोरात, गोठवलेलं खेळणं तिथेच. वेगळ्या वेळी, सकाळी, ढोलाचं ध्वनिमुद्रण फोनवर अगदी हळू लावायचं. तो दाणे नेहमीच्या सावकाशीने खातोय, कान सैल आहेत, तरच दुसऱ्या दिवशी आवाज एक घर वर. दाणा घाईने हिसकावला किंवा नाकारला तर आवाज जास्त झाला आहे, दोन घरं खाली. खऱ्या सरावाच्या वेळी ही शिकवणी करायची नाही.

२६ जुलै

ब्रूनोशी संबंध नसलेली, पण नोंदवावी अशी गोष्ट. सोसायटीतल्या काकूंनी त्यांच्या १२ वर्षांच्या पॉमेरेनियनचा व्हिडिओ पाठवला : "याचंही ब्रूनोसारखंच सुरू झालंय का हो?" व्हिडिओत कुत्रा संथ चालत उजवीकडे घेरे घालतोय, मान उजवीकडे कललेली, बुबुळं सरसर बाजूला जातात, एकदा धडपडतो. शेपटीकडे तो बघतही नाही. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. म्हाताऱ्या कुत्र्यात असं एकाएकी आलेलं असंतुलन बऱ्याचदा काही दिवसांत, आठवड्यांत ओसरतं. पण कानाचा संसर्ग, मेंदूतला आजार, गोचीडतापाच्या गुंतागुंती हे तपासल्याशिवाय थांबून बघणं बरोबर नाही.

२ ऑगस्ट

ब्रूनो : १२ मिनिटं. उतार आहे, पण सलग दोन आठवडे तिथेच अडकलाय. शेपटीचं टोक पुन्हा सोललं. दोनदा जेवण अर्धवट टाकून तो फिरायला लागला. भूक, वेदना आणि हाक या तिन्हींवर फिरणं मात करतं तेव्हा नुसत्या शिकवणीने भागत नाही. शिकायला जेवढं शांत डोकं लागतं तेवढं त्याच्याकडे उरत नाही.

डॉक्टरांनी यकृत आणि मूत्रपिंडाच्या रक्तचाचण्या पाहून फ्लुऑक्सेटीन हे अस्वस्थता कमी करणारं औषध सुरू केलं, दिवसातून एकदा, सकाळच्या खाण्यासोबत, मात्रा वजनावरून. घरच्यांना सांगितलेलं असं : पहिले काही दिवस भूक कमी आणि सुस्ती येऊ शकते. फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे दहाव्या दिवशी "उपयोग नाही" म्हणून बंद करायचं नाही, आणि पुढेही एकदम कधीच थांबवायचं नाही. घरातल्या माणसांच्या गोळ्या द्यायच्या नाहीत.

एक गोष्ट वेगळी अधोरेखित केली. गोचिडांसाठी आपल्याकडे अमिट्राझचं औषध पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालतात, अमिट्राझचे गळपट्टेही मिळतात. फ्लुऑक्सेटीन चालू असताना अमिट्राझ चालत नाही, दोन्हींचा मिळून शरीरावर घातक परिणाम होऊ शकतो. पावसाळ्यात कोणी ग्रूमर आपणहून ते लावू शकतो, म्हणून ग्रूमरलाही सांगून ठेवायचं.

१६ ऑगस्ट

भूक थोडी कमी झाली होती, फूड कोमट पाण्यात भिजवल्यावर खातोय. फिट किंवा चिडचिड नाही.

टोकाच्या जखमेपर्यंत तोंड पोहोचू नये म्हणून रात्री आणि घरी कोणी नसेल तेव्हा गळ्यात प्लास्टिकचा कोन. दिवसभर नाही. कोन असला तरी तो फिरतोच, भिंतींवर आपटतो, आणि गादीचं काम होत नाही. शेपटीला घट्ट पट्टी बांधायची नाही. टोकाचा रक्तपुरवठा तुटला तर ते काळं पडतं.

नातेवाइकांनी सुचवलं, "शेपटीच कापून टाका, प्रश्न मिटला." मिटत नाही. शेपटी गेली तरी कुत्रा उरलेल्या ठुंट्यामागे फिरतो, आणि कापलेल्या नसेच्या टोकाला दुखरी गाठ झाली तर फिरायला नवं कारण मिळतं. टोक कुजलं असेल तर शस्त्रक्रिया करावीच लागते, पण ती जखमेसाठी. नसबंदीबद्दलही विचारलं. हेलसिंकीच्या अभ्यासात नसबंदी केलेल्या माद्यांत हे वागणं कमी दिसलं, त्यावरून नराची नसबंदी हा यावरचा उपचार ठरत नाही.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. विसर्जनापर्यंत, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत, आवाज टळणार नाहीत. आगमनाच्या दिवशी आणि विसर्जनाला ब्रूनो भोरजवळ मावशींच्या घरी. त्याची गादी, तेच खेळणं आणि गोळ्या सोबत. मधल्या दिवसांत मागची खोली. घरच्या आरतीला झांजा वाजतात तेव्हा त्याला आधीच खोलीत न्यायचं, वाजायला लागल्यावर नाही.

आजी आता वहीचा पाचवा रकाना सगळ्यांपेक्षा नीट भरतात.

८ सप्टेंबर

दहा दिवसांत तीन वाईट संध्याकाळी, तिन्ही मंडळाच्या स्पीकरच्या. पण दोन गोष्टी नव्या. फेऱ्या सुरू झाल्यावरही "गादी" म्हटल्यावर तो एकदा थांबला. आणि काल, लिफ्ट वाजल्यावर, नजर शेपटीवर गेली, दोन सेकंद थांबली आणि तो न सांगता कोपऱ्यात जाऊन पडला. आईंनी दाणे द्यायला उशीर केला नाही.

२० सप्टेंबर

संध्याकाळच्या तीन तासांत दोन मिनिटं. शेपटीच्या टोकाला बारीक केस आलेत. चमच्याच्या आवाजाला आता मान वळते.

आज सकाळी तो अंगणात पट्टा दिसल्यावर चार गिरक्या मारून, तोंड उघडं टाकून मुलीकडे धावत आला. घरच्यांनी घाबरून वहीत लिहिलं. ते खोडायला सांगितलं. नजर शेपटीवर नव्हती, अंग सैल होतं, "बस" म्हटल्यावर बसला. ती गिरकी त्याची हक्काची.

ढमी सहा महिन्यांची झाली, शेपटीचा नाद जवळपास सुटला. तिचा सध्याचा खेळ म्हणजे पाण्याची रिकामी बाटली.

पुढचं : फ्लुऑक्सेटीन याच मात्रेवर चालू. फेऱ्या काही महिने सलग आटोक्यात राहिल्या तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतील, पण दिवाळीच्या तोंडावर नक्की नाही. पिसवांची गोळी महिन्याला चालू. गुदग्रंथी दर सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी बघायच्या. संध्याकाळचं चित्रण आता आठवड्यातून एकदा. वेळ पाच मिनिटांच्या वर गेला, तर आराखडा बदलण्याआधी कंगवा, ओला टिश्यू आणि ग्रंथी पुन्हा तपासायच्या. पुढची भेट ११ ऑक्टोबर.